चौथ्या आठवड्याचं वजन

माझी नात अरिबा घरातल्या प्लॅस्टिकवर फिल्म काढणार म्हणाली, तेव्हा पहिला संशय मलाच आला. दुसऱ्याच्या घरातला कचरा फुकटात कोण बघतं? आमच्या गावातल्या भवानी पेठेत (पुण्यातल्या नव्हे) आमच्या गल्लीत मागच्या वर्षी महापालिकेची माणसं येऊन दुकानांतल्या पातळ पिशव्या उचलून घेऊन गेली होती. तेव्हापासून कुणी पिशवी हातात घेऊन निरखायला लागलं की गल्लीतले लोक आधी त्याच्या गळ्यात ओळखपत्र आहे का ते बघतात.

अरिबा पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला पंधरा मिनिटांचा माहितीपट करायचा होता. एक घर घ्यायचं, त्या घरात आठवड्याला किती प्लॅस्टिक येतं ते मोजायचं, मग ते कमी करून बघायचं आणि जे होईल ते दाखवायचं. तिच्या सरांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. फिल्ममध्ये कुणाला उपदेश करायचा नाही, आणि आकडा खोटा निघाला तर फिल्म बाद.

घर आमचंच ठरलं. घरात मी, माझा मुलगा खालिद, सून अनवरी आणि अरिबा. नातू ताबीश पुण्याला कामाला, रविवारी येतो. त्याचं लग्न डिसेंबरात झालं. बायको फिरदोस, कुर्डुवाडीची, बाप रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये. पुण्यात खोली मिळेपर्यंत ती आमच्याकडे राहणार होती. पण जानेवारीत तिची आई जिन्यावरून पडली आणि ती माहेरी गेली. त्यामुळं फिल्म सुरू झाली तेव्हा फिरदोस घरात नव्हती. ही गोष्ट पुढं फार महागात पडली.

अरिबानं स्वयंपाकघराच्या दाराला खिळा ठोकून एक पोतं अडकवलं. प्लॅस्टिक धुवायचं, वाळवायचं आणि पोत्यात टाकायचं. धुवायचं का, तर दुधाचं पाणी आणि तेलाचा ओशटपणा राहिला तर वजन खोटं येतं, आणि घाण पिशवी भंगारवालाही हातात घेत नाही. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की पोतं समोरच्या सोमशेखरच्या किराणा दुकानात न्यायचं. त्याचा काटा ग्रॅमचा हिशेब दाखवतो. काट्यावर ओतायचं, अरिबा फोनवर चित्र घेणार आणि आकडा लिहून ठेवणार.

सोमशेखर पहिल्या दिवसापासून सावध होता. फोन त्याच्या दुकानाकडं वळला की तो काऊंटरखालचा खण पायानं आत ढकलायचा.

"चाचा, ही पोरगी नक्की कुणाची फिल्म काढती? तुमच्या घराची का माझ्या दुकानाची?" त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं.

मी म्हणालो, आमच्या घराची.

"मग माझ्या काट्यावर कशाला? तुमच्या घरात काटा न्हाय व्हय?"

नाही म्हणालो. त्यानं काटा दिला, पण अरिबाला अट घातली की फिल्ममध्ये काटा दिसू दे, दुकानाची पाटी दिसता कामा नये.

पहिल्या आठवड्यात काही बदलायचं नव्हतं, नेहमीसारखं वागायचं होतं. वजन आलं तीनशे चाळीस ग्रॅम. अरिबा म्हणाली, चार माणसांच्या घराला हे कमी आहे, सरांना वाटलं होतं जास्त निघेल. अनवरीला त्याचा अभिमान वाटला. आमच्या घरात उधळमाधळ नाही, ती म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यापासून बदल सुरू झाले. मटण आणायला स्टीलचा डबा जायला लागला. खाटीक हसला, पण डब्यात घालून दिलं. भाजीला मी माझ्या जुन्या कारखान्यातून आणलेल्या खोटाच्या कापडाच्या पिशव्या शिवल्या. खोट म्हणजे मागावर विणताना धागा तुटून वाया गेलेलं कापड. शांपूच्या पुड्या बंद झाल्या, बाटली आली. बिस्किटांच्या पुड्यांऐवजी बेकरीतून खारी आणि नानकटाई घरच्या डब्यात यायला लागली. सगळंच जमलं असं नाही. दूध सुटं घेऊन बघितलं, पण गवळी कधी आठला यायचा, कधी दहाला, आणि एकदा दूध नासलं. तेव्हा अनवरीनं पुन्हा पिशवीचं दूध सुरू केलं. अरिबानं तेही फिल्ममध्ये घेतलं. नासलेलं दूध अनवरी मोरीत ओतते, असं ते दृश्य आहे, आणि त्याच्यावर कुणी काही बोलत नाही.

दुसऱ्या आठवड्याचं वजन दोनशे नव्वद. तिसऱ्याचं दोनशे पन्नास. सोमशेखरसुद्धा म्हणाला, असंच चाललं तर मला पोतं रिकामंच जोखावं लागणार.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी फिरदोस परत आली.

चौथ्या शुक्रवारी अरिबानं पोतं काट्यावर ओतलं. पाचशे दहा.

सोमशेखरनं काटा पुसला, शून्यावर आणला, पुन्हा ओतलं. पुन्हा पाचशे दहा. मग त्यानं आमच्या घराच्या दाराकडं बघितलं. फिरदोस तिथं उंबऱ्यात उभी राहून बघत होती. मीही तिकडं बघितलं, आणि मी बघितल्याचं तिनं बघितलं.

त्या दिवसापासून घरातली हवा बिघडली. अनवरी वाईट बाई नाही. पण तिनं तीन आठवडे मेहनत केली होती, आणि मेहनतीवर पाणी पडलं की माणूस पाणी ओतणारा शोधतो. ती पोत्यात हात घालून बघायला लागली. दुधाच्या पिशव्या जास्त दिसतात, म्हणाली. फिरदोस आली म्हणून तिनंच अर्धा लिटर दूध वाढवलं होतं, ते फिरदोसच्या नावावर गेलं. ब्रेडची पिशवी दिसली, ती फिरदोसच्या नावावर गेली. चिप्सचं आतून चंदेरी असलेलं वेष्टन सापडलं. हे कुठलाच भंगारवाला घेत नाही, कारण त्यात प्लॅस्टिक आणि धातूचा पातळ थर एकमेकाला चिकटलेले असतात. ते खालिदनं खाल्लं होतं. त्यानं ते कबूल केलं नाही आणि कुणी त्याला विचारलंही नाही.

मग अनवरीनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की फिरदोसनं काहीतरी प्लॅस्टिकचं दुमडून आपल्या पर्समध्ये घातलं आणि ती बाहेर गेली. येताना पर्स रिकामी.

अनवरी मला सांगायला आली. आवाज बारीक ठेवून म्हणाली, "अब्बा, लपवून नेती ती. पोत्यात पडतं ते तर पडतंच, वरनं बाहेर नेऊन टाकती. म्हणजे खरं वजन किती असंल, बघा की."

मी विचारलं, काय होतं ते बघितलं का?

"बघितलं न्हाय. पण चांगलं असतं तर लपवलं कशाला असतं?"

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली पोर, दुकानातलं आयतं पाकिटातलं खायची सवय असणार, असं मनात आलं. मी फिरदोसवर नजर ठेवायला लागलो. ती स्वयंपाकघरात गेली की काहीतरी निमित्त काढून मीही पाणी प्यायला उठायचो. चार दिवसांत मी इतकं पाणी प्यालो की खालिदनं विचारलं, साखर तपासायची का?

फिरदोसला हे कळत होतं. तिनं चहा एक वेळचा केला. खारीही खाईना. ताबीशशी फोनवर बोलायची तर गच्चीवर जाऊन बोलायची. त्यावरही अनवरीला संशय.

पाचव्या आठवड्याचं वजन आलं चारशे नव्वद.

अरिबा अडचणीत होती. सरांना तिनं आकडे दाखवले. ते म्हणाले, वाढलं तर वाढलं, त्यात वाईट काही नाही, पण का वाढलं ते फिल्मनं सांगितलं पाहिजे. नाहीतर बघणाऱ्याला वाटेल तू आधीचे आकडे बनवलेस. अरिबानं बदलांची यादी काढली. तीन आठवड्यांनंतर घरात काय वेगळं झालं? तिच्या यादीत एकच ओळ होती.

फिल्ममधला आवाज माझा असावा, असं तिनं ठरवलं होतं. माझा आवाज बसका आहे, पण तिला तो आवडतो. ती मला दादा म्हणते, आमच्यात आजोबांना दादाच म्हणतात. मला छापलेलं भराभरा वाचता येत नाही, एकेक शब्द धरून वाचावं लागतं, म्हणून तिनं स्क्रिप्ट मोठ्या अक्षरांत काढून दिलं. रविवारी दुपारी तिनं खोलीची दारं-खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, लॅपटॉपवर चित्र लावलं आणि माझ्यासमोर माईक ठेवला. चित्र चालू राहील, त्याच्यावर मी वाचायचं. घरातले सगळे बसले होते. ताबीश पुण्याहून आला होता. फिरदोस दाराशी बसली होती, उठून जाता येईल अशी.

मी आधी कागद पूर्ण बघून घेतला. शेवटाकडं असं लिहिलं होतं:

दृश्य १४. काट्यावर पोतं ओतलं जातं. आकडा दिसतो, ५१०.
आवाज: चौथ्या आठवड्यात घरात एक माणूस आलं. त्याच्याबरोबर त्याच्या सवयी आल्या. एका माणसाच्या येण्यानं तीन आठवड्यांचं काम कसं पुसलं जातं, ते हा काटा सांगतो.

नाव नव्हतं. पण गल्लीत कुणाला नाव लागणार होतं? फिल्म कॉलेजात दाखवणार, मग फोनवर फिरणार, कुर्डुवाडीपर्यंत जाणार. तिच्या बापाच्या वर्कशॉपमध्ये कुणीतरी ती बघणार. लग्नाला तीन महिने झाले नव्हते. एकदा फिल्ममध्ये गेलेली गोष्ट पोरीला जन्मभर पुरली असती.

मी फिरदोसकडं बघितलं. तिनं कागद वाचलेला असावा. तिचा चेहरा पाटीसारखा कोरा होता.

अरिबा म्हणाली, "दादा, पहिल्यापासून सुरू करा. दृश्य एकला आवाज नाही, दोनपासून."

दृश्य दोन आमच्या सकाळचं होतं. पहिल्या आठवड्यात तिनं ते सहा वाजता उठून घेतलं होतं. अंगणाच्या कोपऱ्यात आमचा तांब्याचा बंब आहे, अंघोळीच्या पाण्याचा. थंडीत तो रोज मीच पेटवतो. ते चित्र तिला फार आवडायचं. निळसर उजेड, बंबाचा तांबूस रंग, वाकलेला मी. मी वाचायला लागलो, "या घराची सकाळ धुरानं सुरू होते."

आणि चित्रात माझा हात दिसला.

बंबाजवळ पत्र्याचा एक डबा असतो. रात्रीच्या स्वयंपाकातलं, चहातलं जे पटकन पेट घेईल ते त्यात जमा होतं. चिंधी, पुठ्ठा, दुधाची पिशवी, पुड्यांची वेष्टनं. ओल्या लाकडाला धग धरायला याच्यासारखं काही नाही. दुधाची पिशवी काडी लावताच पेटते, थेंब थेंब गळते, आणि खालचं लाकूड धरतं. वर्षानुवर्षं चाललेलं. त्याला घरात कुणी कचरा म्हणत नाही. कचरा तो, जो घंटागाडीत जातो. बंबात जातं ते जळण.

चित्रातला माझा हात डब्यातून एक दुधाची पिशवी काढत होता. मग दुसरी. मग मटणाची काळी पिशवी. मग ब्रेडची.

मी वाचायचा थांबलो. अरिबाला वाटलं अक्षर अडलं. तिनं कागदावर बोट ठेवून शब्द सांगितला.

इथं मला एक गोष्ट लिहायलाच हवी. मी लगेच बोललो नाही. चित्र पुढं गेलं, अनवरी भाजी निवडताना दिसली, आणि माझ्या मनात आलं की कुणाच्याच लक्षात आलं नाही. पाच माणसांनी ते चित्र बघितलं, अरिबानं तर पन्नास वेळा बघितलं असेल, आणि सगळ्यांना फक्त बंब दिसला. मी वाचत राहिलो असतो तर काहीही झालं नसतं. मला काहीही झालं नसतं, असं म्हणायला हवं.

"मागं घे," मी म्हणालो.

"परत वाचू आपण दादा, ते नंतर जोडता येतं."

"वाचायचं नाही. मागं घे, आणि माझा हात बघ."

तिनं मागं घेतलं. पहिल्यांदा तिला कळेना. मग तिनं चित्र थांबवलं, बोटानं मोठं केलं. डब्यात काय आहे ते एकेक मोजलं. दुधाच्या दोन पिशव्या, काळी पिशवी एक, ब्रेडची एक, बिस्किटांची तीन वेष्टनं, साबणाच्या पावडरची एक पुडी.

"दादा, हे रोज?"

"रोज. थंडी असेपर्यंत."

"आणि बंब कधी बंद केला?"

फेब्रुवारी अर्धा सरला की आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आपसूक कोमट येतं. दरवर्षीसारखा मी बंब बंद केला होता आणि डबा उचलून माळ्यावर टाकला होता. कधी, ते आठवावं लागलं नाही. फिरदोस कुर्डुवाडीहून आली त्याच्या आदल्या दिवशी.

मग अनवरी म्हणाली, "पण ती पर्समधनं नेती ते?" तिला ते सुटत नव्हतं. इतके दिवस धरून ठेवलेला संशय एकदम खाली ठेवायला जड जातो.

फिरदोसनं पहिल्यांदा मान वर केली. ती सासूशी कधी मोठ्यानं बोलली नव्हती, आताही बोलली नाही.

"अम्मी, ते पोतं दर शुक्रवारी सोमशेखरआण्णांच्या दुकानात चार लोकांसमोर ओततात. बायकांच्या काय काय वस्तूंना प्लॅस्टिकचं वेष्टन असतं ते तुम्हाला माहीत हाय. ते मी त्यात टाकू का?"

अनवरीचा चेहरा उतरला. खालिद उठून पाणी प्यायला गेला. अरिबा खाली बघत होती. आमच्या घरात तीन बायका आहेत आणि पाच आठवडे हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. अनवरी ती वेष्टनं कुठं टाकत होती, ते मी विचारणार नाही. बंबाजवळचा तो डबा माझ्या एकट्याचा नव्हता.

अरिबानं तेवढ्यात पोत्यातून चित्रातल्यासारख्याच वस्तू निवडून काढल्या. काळी पिशवी आणि बिस्किटांची वेष्टनं आता घरात नव्हती, ती सोमशेखरकडून मागून घ्यावी लागली. पिशवी त्यानं खणातून काढून दिली आणि म्हणाला, ही माझी न्हाय, कुणीतरी ठेवून गेलंय. काट्यावर सगळं मिळून अडतीस ग्रॅम भरलं. सात दिवसांचं दोनशे सहासष्ट. पहिल्या आठवड्याच्या तीनशे चाळीसमध्ये ते मिळवलं तर सहाशे सहा. म्हणजे चौथ्या आठवड्यात घरात एक माणूस वाढूनसुद्धा प्लॅस्टिक जवळपास शंभर ग्रॅमनं कमीच झालं होतं. अरिबानं वहीत "अंदाजे" हा शब्द दोनदा लिहिला, कारण रोजचा डबा सारखा नसतो.

मग तिनं मला जाळण्याचं सांगितलं. मंद जाळात पेटलेलं प्लॅस्टिक संपत नाही, त्याचा विषारी धूर होतो, थोडं राखेत उतरतं. बंबाच्या बुडाला जो काळा चिकट थर बसतो, तो मी दरवर्षी विटेच्या चुऱ्यानं घासून काढायचो आणि लाकूड वाईट आलं म्हणून वखारवाल्याला बोलायचो. त्याच राखेनं अनवरी भांडी घासायची. हे ऐकून ती उठली आणि राखेचं मडकं अंगणात नेऊन ठेवलं. रिकामं केलं नाही. अजून तिचा पूर्ण विश्वास बसला नसावा.

संध्याकाळी अरिबानं चौदावं दृश्य पुन्हा लिहिलं. सवयीची, माणूस आल्याची सगळी वाक्यं खोडली. त्याजागी लिहिलं की पहिल्या तीन आठवड्यांची वजनं अपुरी होती, कारण जे जळत होतं ते आम्ही मोजलं नव्हतं. मी म्हणालो, त्यात माझं नाव घाल. ती तयार होईना. दादांना कसं दाखवायचं, म्हणाली. मी म्हणालो, माझा हात तर तू आधीच दाखवलायस.

तेव्हा फिरदोस दारातून आत आली. तिनं खोडलेला कागद मागून घेतला, वाचला आणि अरिबाला परत दिला.

"खोडू नको," ती म्हणाली. "दादांना ती जुनी वाक्यं वाचू दे. मग चित्र थांबव. मग खरं सांग."

अरिबा म्हणाली, "भाभी, लोक आधी तुझ्यावरच संशय घेतील की."

"घेऊ दे. तुमीबी घेतलाच की. घेताना कसं वाटतं ते त्यांनाबी कळू दे."

ताबीशला ते पटलं नाही. तो तिला म्हणाला, कशाला उगाच. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. रविवारी तो आला की आधी आईचीच बाजू ऐकायचा, ते तिच्या लक्षात होतं.

पंखा पुन्हा बंद झाला. दारं लावली. मी माईकसमोर बसलो आणि पहिली वाक्यं वाचली, घरात एक माणूस आलं, त्याच्याबरोबर त्याच्या सवयी आल्या. वाचताना माझा आवाज दोनदा अडकला. अरिबा म्हणाली, पुन्हा घेऊ या. फिरदोस म्हणाली, नको, असंच राहू दे.

ती माझ्या समोरच बसली होती. मी खरं वाचतो की नाही, ते शेवटच्या शब्दापर्यंत बघत होती.